२५० गिगावॉट म्हणजे किती घरं?

३० मे २०२४ ला देशाची विजेची कमाल मागणी २५० गिगावॉटवर पोचली. तोवरचा हा उच्चांक. उत्तरेत उन्हानं कहर केला होता आणि आदल्या दिवशीच मागणी २४६ गिगावॉटपर्यंत गेली होती. बातमी सगळीकडे झळकली आणि संध्याकाळी कराडहून भाचीचा फोन आला. ती सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात विजेचा धडा घ्यायचा तिचा बेत होता.

"मामा, २५० गिगावॉटमध्ये किती घरं चालतील ते सांग. एका ओळीत सांग हं, तू सुरू झालास की तासभर थांबत नाहीस."

मी एका ओळीत सांगितलं : चौदा कोटी, किंवा पावणेएकोणीस कोटी, किंवा एकशे पस्तीस कोटी.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग, "चेष्टा करू नकोस ना."

चेष्टा नव्हती. तिन्ही आकडे त्याच २५० गिगावॉटमधून निघतात आणि गणित तिन्हींचं बरोबर आहे. आयुष्यातली बरीच वर्षं मी उपकेंद्राच्या लॉगशीटवर दर तासाला मेगावॉटचे आकडे भरण्यात घालवली आहेत, त्यामुळे असल्या आकड्यांची मला सवय आहे. पण ते मेगावॉट बातमीत जातात, तिथून युनिट होतात आणि युनिटांची घरं होतात, तेव्हा वाटेत कुठे काय गळतं हे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही. म्हणून तो तासभर अखेर लागलाच.

सुरुवात घरच्या मीटरपासून करू. डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी छापलेलं असतं, माझ्या मीटरवर आहे तसं : 3200 imp/kWh. म्हणजे हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळलं. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. आता घड्याळ लावून एक मिनिट मोजा. माझ्याकडे दुपारी फ्रिज, दोन पंखे, एक ट्यूब आणि टीव्ही चालू असताना दिवा १६ वेळा लुकलुकला. या वेगानं तासाला ९६० वेळा लुकलुकेल. ९६० भागिले ३२०० म्हणजे ०.३. त्या घडीला माझं घर ०.३ किलोवॉट, म्हणजे ३०० वॉट ओढत होतं.

मग एसी लावला. दिवा इतका भराभर लुकलुकू लागला की मिनिटभर मोजणं अवघड झालं, म्हणून अर्धं मिनिट मोजलं : ४८. मिनिटाला ९६, म्हणजे १.८ किलोवॉट.

दिव्याचा वेग म्हणजे किलोवॉट आणि दिवा एकूण किती वेळा लुकलुकला ते युनिट. वॉट आणि युनिट यांतला फरक समजायला एवढं पुरे. २५० गिगावॉट हा सगळ्या देशाच्या दिव्याचा वेग आहे आणि तोही दिवसातल्या सर्वांत वेगवान क्षणाचा. त्यात वेळ कुठेच नाही. म्हणून 'देशाने आज २५० गिगावॉट वीज वापरली' हे वाक्य वाचलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात आणि 'ताशी २५० गिगावॉट' वाचलं की जास्तच. गाडीनं आज ताशी ९० किलोमीटर एवढं अंतर कापलं, असं कुणी म्हणालं तर आपण हसतो. इथे मात्र कुणी हसत नाही.

आता मोठे आकडे. एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट, आणि एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट. म्हणजे गिगावॉटमध्ये दहा लाख किलोवॉट. एक गिगावॉट भार तासभर टिकला की दहा लाख युनिटं होतात. त्यालाच गिगावॉट-तास म्हणायचं, आणि आपल्याकडच्या वीज अहवालांत ज्याला दशलक्ष युनिट म्हणतात तेही हेच. एक गिगावॉट-तास बरोबर एक दशलक्ष युनिट, एका पैचा फरक नाही. परदेशी लेखात गिगावॉट-तास आणि आपल्या अहवालात दशलक्ष युनिट दिसलं तर गुणाकार-भागाकार काही करायचा नाही, नाव फक्त बदलायचं.

मग ३० मे ला दिवसभरात किती गिगावॉट-तास झाले? पहिली उडी सगळेच मारतात : २५० गुणिले २४, सहा हजार. हा आकडा चुकीचा आहे, पण निरुपयोगी नाही. २५० हा दिवसभरातला सर्वांत वरचा भार असेल, तर दिवसाचा एकूण वापर सहा हजारांच्या वर जाऊच शकत नाही. हे छप्पर झालं. खरा आकडा छपराच्या किती खाली, ते दिवसभरात मागणी कशी वरखाली झाली त्यावर ठरतं.

आम्ही ते आलेखाच्या कागदावर काढायचो. आडव्या रेषेवर तास, उभ्या रेषेवर मेगावॉट. टिंबं जोडली की दिवसाचा वक्र तयार. वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे युनिटं. आता ग्रिडचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत होतो, दिवसाचे ९६ तुकडे. (नवीन पोरं हमखास एक चूक करतात : ९६ तुकड्यांचे मेगावॉट बेरजेला लावतात आणि चारनं भागायचं विसरतात. पाव तासाचे मेगावॉट पाव तासापुरतेच धरायचे. बेरीज छपराच्या चौपट उंच गेली की समजावं काय झालंय.)

९६ तुकडे इथे मांडत बसत नाही. कडक उन्हाळ्यातल्या अशा दिवसाचा ढोबळ वक्र पाच तुकड्यांत बसवतो. हे आकडे समजण्यासाठी गोळाबेरीज धरलेले आहेत, पण आकार खराखुरा आहे. मध्यरात्रीपासून सहापर्यंत पंखे, कूलर, एसी सगळे चालू असतात, सरासरी २२० धरू. सहा तासांचे १,३२०. सकाळी सहा ते दहा जरा उसंत, २१० नं चार तासांचे ८४०. दहा ते पाच ऑफिसं, कारखाने, दुकानं आणि वरून ऊन, या सात तासांत सरासरी २४० आणि मध्येच कुठेतरी २५० चं टोक. हे १,६८०. पाच ते आठ उतरती कळा, २२० नं ६६०. आठनंतर माणसं घरी परततात, दिवे लागतात, एसी लागतात, २३० नं चार तासांचे ९२०. बेरीज ५,४२०. आपण ५,४०० म्हणू.

आठनंतरचा तुकडा मी कल्पनेतून एवढा फुगवलेला नाही. २९ मे ला सूर्य नसलेल्या तासांतली मागणीही २३४ गिगावॉटच्या वर गेली होती आणि तोही उच्चांकच होता. रात्री मागणी पार कोसळते ही जुनी समजूत उन्हाळ्यात आता लागू पडत नाही. एसी रात्रीच जास्त लागतो.

५,४०० भागिले छपराचे ६,०००, म्हणजे ९० टक्के. याला भारांक म्हणतात, इंग्रजीतून आलेला लोड फॅक्टर. दिवसभराची सरासरी मागणी टोकाच्या मागणीच्या किती टक्के, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या औद्योगिक ग्राहकांच्या बिलावर हा शब्द रोज भेटतो, घरगुती बिलावर दिसत नाही. घरचा भारांक काढला असता तर आपल्यालाच लाज वाटली असती. माझं मे महिन्याचं बिल होतं १४८ युनिटांचं. ३१ दिवसांनी भागलं तर दिवसाला पावणेपाच युनिटं, म्हणजे सरासरी ०.२ किलोवॉट. आणि टोक? एसी लावल्यावरचे १.८ किलोवॉट. भारांक ११ टक्के.

एकट्या घराचा ११ टक्के आणि देशाचा ९० टक्के, हे कसं? भाचीही इथेच अडली. कारण माझं टोक आणि तिचं टोक एका वेळी येत नाही. मी रात्री दहाला एसी लावतो, ती पहाटे साडेपाचला गीझर. गिरणी अकराला सुरू होते, कारखान्याची तिसरी पाळी मध्यरात्री. आपल्याकडे शेतीपंपांच्या वाहिन्यांना पाळीपाळीनं कधी दिवसा, कधी रात्री वीज दिली जाते, तोही मुद्दाम सपाट केलेलाच भार. एकेका घराची टोकं वेगवेगळ्या वेळी येतात, म्हणून कोट्यवधी टोकांच्या बेरजेत एकाची भर दुसऱ्याच्या दरीत पडते. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीला चाळीस घरांच्या मंजूर भारांच्या बेरजेएवढा ट्रान्सफॉर्मर बसवत नाहीत, तो याच भरवशावर.

राज्यांचंही तसंच. पंजाबात भाताच्या लावणीला जून-जुलैत पंप धावतात, महाराष्ट्रात हिवाळ्याअखेरीस आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मागणी वर जाते. प्रत्येक राज्याचा वर्षातला उच्चांक घेऊन बेरीज केली तर ती देशाच्या उच्चांकापेक्षा बरीच मोठी भरते. अशी बेरीज कुणी 'देशाची मागणी' म्हणून दाखवली तर ती अशा एका क्षणाची असते जो कधी आलाच नाही.

भारांकाची एक फसवी बाजू आहे. वर्षाचा भारांक वेगळा आणि दिवसाचा वेगळा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाला पुरवलेली वीज सुमारे १,६९० अब्ज युनिटं होती. वर्षाच्या ८,७६० तासांनी भागलं तर सरासरी १९३ गिगावॉट पडते, म्हणजे २५० च्या ७७ टक्के. काही लोक हाच ७७ टक्के उचलतात आणि २५० गुणिले २४ गुणिले ०.७७ करून म्हणतात, ३० मे ला ४,६२० दशलक्ष युनिटं लागली. तसं नाही. ४,६२० हा वर्षातल्या सरासरी दिवसाचा वापर आहे, ज्यात डिसेंबरातल्या थंड रात्री आणि पावसाळी रविवारही आले. टोकाचा दिवस सरासरी दिवस नसतो, म्हणून तर त्याची बातमी होते. उलट चूकही होते : ९० टक्के धरून आलेल्या ५,४०० ला ३६५ नं गुणायचं आणि वर्षाचा वापर म्हणून छापायचं. ती बेरीज १,९७० अब्जांवर जाते, खऱ्यापेक्षा २८० अब्ज युनिटांनी जास्त.

खरं तर त्या दिवसापुरतं अंदाज करायचंही कारण नाही. राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र चालवणारी ग्रिड-इंडिया रोज अहवाल काढते. त्यात कमाल मागणी मेगावॉटमध्ये, ती कोणत्या वेळी आली ती वेळ, आणि दिवसभरात पुरवलेली ऊर्जा दशलक्ष युनिटांत, असे स्वतंत्र रकाने असतात. शेजारी तुटवड्याचाही रकाना असतो, आणि तो आधी पाहावा. कारण बातमीत येते ती बहुधा 'भागवलेली' मागणी. कुठे भारनियमन झालं असेल तर खरी मागणी त्याहून जास्त होती. शिवाय कुणाच्या छतावरच्या सौर पॅनलनं स्वतःच्या घरचा पंखा चालवला तर तो पंखा ग्रिडला दिसतच नाही, आणि कारखान्यानं आवारातल्याच वीजसंचातून घेतलेली वीजही या आकड्यात नसते.

आता घरांकडे. आपले ५,४०० दशलक्ष युनिट मोजले कुठे? वीजकेंद्रांतून वीज तारांवर चढते तिथे. तारा तापतात, ट्रान्सफॉर्मर तापतात, कुठे आकडे टाकलेले असतात. देशभराचा हिशेब धरला तर साधारण सहावा हिस्सा वाटेतच जातो. ५,४०० चे उरले ४,५००. म्हणजे मीटरवर पोचणारी ४५० कोटी युनिटं.

आपल्याकडचं सरासरी घर महिन्याला १०० युनिटांच्या आसपास वापरतं. दिवसाला ३.३३. तुमचं बिल जास्त येत असेल, माझंही येतं, पण देशातली असंख्य घरं दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही यांवर चालतात आणि सरासरी खाली ओढतात. ४५० कोटी भागिले ३.३३ म्हणजे १३५ कोटी घरं.

"पण देशात माणसंच १४० कोटी आहेत," भाची म्हणाली. "घरं कुठून १३५ कोटी?"

अगदी बरोबर शंका. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २४.७ कोटी कुटुंबं होती, आज ३० कोटी धरू. मग १३५ कोटी कुठून आली? कारण आपण कारखान्याची, शेतीपंपाची, रेल्वेची, मॉलची आणि पाणीपुरवठ्याची वीज काढून घरांना वाटली. देशात वापरल्या जाणाऱ्या विजेत घरांचा वाटा साधारण पाव आहे, उद्योगांचा त्याहून बराच मोठा. म्हणून '१३५ कोटी घरं चालतील' यातलं 'चालतील' हे क्रियापद तुलनेपुरतं आहे. ती घरं अस्तित्वात नाहीत.

पण याच जागी आपला हिशेब तपासून घेता येतो, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. ४५० कोटींचा पाव हिस्सा ११२.५ कोटी युनिटं. ती ३० कोटी घरांत वाटली तर घरामागे ३.७५ युनिटं. वर्षाच्या सरासरीचे ३.३३ आणि मे महिन्यातल्या तापलेल्या दिवशी ३.७५. गणित जुळलं. एका बाजूनं देशाच्या टोकावरून खाली आलो, दुसऱ्या बाजूनं घरच्या बिलावरून वर गेलो, आणि दोन्ही वाटा एकाच गावात पोचल्या. उत्तर ०.४ किंवा ४० आलं असतं तर कुठेतरी शून्य हरवलंय किंवा तास विसरलाय हे लगेच कळलं असतं. गिगावॉटच्या गणितात हजाराची चूक सर्रास होते, आणि ती पकडायला दुसऱ्या दिशेनं येण्यासारखा उपाय नाही.

मग पावणेएकोणीस कोटी कुठून? ते कॅलिफोर्नियातून आले. तिथली ग्रिड सांभाळणारी संस्था लोकांना समजावं म्हणून एक ठोकताळा वापरत आली आहे : एक मेगावॉट म्हणजे ७५० घरं. २५० गिगावॉट म्हणजे अडीच लाख मेगावॉट, गुणिले ७५०, १८.७५ कोटी. या हिशेबात प्रत्येक घराच्या वाट्याला १.३३ किलोवॉट येतात, आणि तेही घर टोकाच्या वेळी किती ओढतं या अंगानं धरलेले. अमेरिकेतलं सरासरी घर दिवसाला ३० युनिटांच्या आसपास वापरतं, आपल्या नऊपट. त्यांच्या घरांना तो ठोकताळा शोभतो. आपल्याकडच्या बातमीत मात्र कुणीतरी तो जसाच्या तसा उचलतो, आणि मग असं निघतं की देशाची सगळी वीज देशातल्या घरांनाही पुरत नाही.

इथे घराची मापं दोन आहेत, हे एकदा नीट पाहायला हवं. दिवसभराच्या युनिटांना घराच्या दिवसभराच्या युनिटांनी भागायचं, किंवा टोकाच्या गिगावॉटला त्याच घडीच्या घराच्या किलोवॉटनं भागायचं. गिगावॉटला घराच्या सरासरी किलोवॉटनं भागलं की अशा क्षणाचं चित्र उभं राहतं ज्यात सगळी घरं नेमकी सरासरीवर, एकदम शांत बसलेली आहेत. टोकाच्या वेळी घरं सरासरीवर नसतात, म्हणूनच ते टोक असतं.

चौदा कोटी हे टोकाचं उत्तर. समजा प्रत्येक घरानं दीड टनाचा एक एसी लावला आणि तो दीड किलोवॉट ओढतोय. २५० गिगावॉटमधून वाटेतला सहावा हिस्सा गेला, उरले साधारण २०८. भागिले दीड, १३.९ कोटी एसी. देशातल्या निम्म्याहून कमी घरांनी एकेक एसी एकाच घडीला लावला, तर बाकी देशासाठी काहीच उरत नाही. कारखाना बंद, रेल्वे उभी. प्रत्यक्षात खोली गार झाली की एसीचा कॉम्प्रेसर थांबतो, सगळे एसी एकाच सेकंदाला ओढत नाहीत, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असेल. पण एसी वाढले की ग्रिडवाल्यांची झोप का उडते ते या एका भागाकारात दिसतं. दिवसाच्या युनिटांत एसी फार मोठा वाटत नाही. टोकाच्या क्षणी तो दहा साध्या घरांएवढा असतो.

'इतक्या लाख घरांना वीज' हे वाक्य आता नव्या प्रकल्पांच्या उद्घाटनालाही चिकटलेलं असतं. तिथेही हाच हिशेब लावा. एक गिगावॉटचा सौर प्रकल्प घ्या. तो चोवीस तास एक गिगावॉट देत नाही. रात्र असते, ढग असतात, सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपं असतं. वर्षाच्या सरासरीनं पूर्ण क्षमतेच्या साधारण पाचवा हिस्सा हाती येतो. १ गुणिले २४ गुणिले ०.२, म्हणजे दिवसाला ४.८ दशलक्ष युनिटं. वाटेतला हिस्सा वजा करून ४. भागिले ३.३३, बारा लाख घरं. हे वर्षाच्या युनिटांच्या हिशेबानं खरं आहे. रात्री नऊ वाजता मात्र त्या बारा लाख घरांपैकी एकाही घराला तो प्रकल्प वीज देत नसतो, साठवणूक नसेल तर. फलकावर बारा लाख लिहिणारा खोटं बोलत नाही. पण त्यानं वर्षाची युनिटं मोजली, टोक मोजलं नाही, हे फलकावर लिहिलेलं नसतं.

म्हणून भाचीला मी शेवटी एवढंच सांगितलं, की 'किती घरं' विचारणाऱ्याला आधी तीन प्रश्न विचार. मोजमाप कुठे केलं, वीजकेंद्राच्या तोंडाशी की मीटरवर? घर कुणाचं, महिन्याला शंभर युनिटांचं की नऊशेचं? आणि दिवसभराचा हिशेब करायचाय की त्या एका क्षणाचा? ही तीन उत्तरं मिळाली की चौदा, पावणेएकोणीस आणि एकशे पस्तीस यांत भांडण उरत नाही.

तिनं वर्गात काय केलं ते जूनअखेरीस कळलं. गिगावॉट तिनं फळ्यावर एकदाच लिहिला. मुलांना घरी पाठवलं ते मीटरचा दिवा मोजायला : एकदा संध्याकाळी आठला आणि एकदा शाळेला निघताना, घरात सगळं बंद करून. घरी जाऊन आधी मीटरवर imp/kWh च्या आधी काय आकडा छापलाय तो वहीत लिहायचा, कारण प्रत्येक मीटरवर ३२०० च असतो असं नाही. बऱ्याच मुलांनी आठचे आकडे आणले, दहापासून ऐंशीपर्यंत. एक मुलगी मात्र तक्रार घेऊन आली. घरातले सगळे दिवे, पंखे, टीव्ही तिनं स्वतः बंद केले होते, आई-बाबा कामावर गेले होते, तरी मीटरचा दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकत होता. मीटर बिघडलंय, असं तिचं म्हणणं.

चार गुणिले ६० भागिले ३२००. पंच्याहत्तर वॉट. फ्रिज तिनं बंद केला नव्हता, राउटरही नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबून-थांबून चालतो, त्यामुळे एका मिनिटावर फार भिस्त ठेवू नये, पण भाचीनं तिला हेच पंच्याहत्तर वॉट चोवीस तासांनी गुणायला लावले. १.८ युनिटं आली. मुलीनं ती वहीत ३.३३ च्या खाली लिहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून आणते म्हणाली, या वेळी दहा मिनिटं.